प्रभुत्वाच्या दुरुपयोगाचा प्रश्न कसा सोडवावा: सोलापूरच्या सूत रंगणीचे एक काल्पनिक प्रकरण

स्पर्धा कायद्याच्या पेपरात कलम ४ वरचा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिका थेट गैरवर्तनावर उडी मारतात: दर वाढवले, सवलत दिली, माल अडवला, म्हणून दुरुपयोग झाला. गुण मात्र त्याआधीच्या दोन पानांत असतात. कलम ४ प्रभुत्व असलेल्या उद्योगालाच लागू होते, प्रभुत्व एका विशिष्ट बाजारातच मोजता येते, आणि तो बाजार आधी आखावा लागतो. आखणी चुकली तर पुढचे सगळे चुकीच्या पायावर उभे राहते. म्हणून इथे एकच प्रकरण घेऊन त्याचा बाजार सावकाश आखू. प्रकरणातल्या कंपन्या आणि आकडे काल्पनिक आहेत, कायदा मात्र खरा.

प्रकरण

सोलापूर शहर, अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि चिंचोळी एमआयडीसी इथे चादरी आणि टर्किश टॉवेल विणणारे कारखानदार स्वतःचे कोरे सूत डाय हाउसला देतात आणि किलोमागे मजुरी देऊन रंगवून घेतात. महिन्याला असे ४०० टन सूत रंगते. त्यातले २४० टन क कंपनी रंगवते, ८० टन ख, ४८ टन ग, आणि उरलेले ३२ टन छोटी डाय हाउसेस. ४०० पैकी २८० टन चादरीचे आहे, १२० टन टॉवेलचे. याखेरीज काही मोठे कारखानदार स्वतःच्या डाय हाउसमध्ये स्वतःपुरते १५० टन रंगवतात, आणि बाहेरगावाहून ५० टन तयार रंगीत सूत येते.

रंगणीचा दर किलोला ६० रुपये आहे. वर्षापूर्वी तो ५० होता. रंग, रसायने, पाणी, इंधन, मजुरी असा बदलता खर्च ४२ रुपये आहे, वर्षापूर्वी ४० होता. क कंपनी कोरे सूतही विकते. सहा महिन्यांपासून तिच्याकडून सूत घेणाऱ्याचा लॉट चार दिवसांत मिळतो, इतरांचा पंधरा दिवसांत. शिवाय जो कारखानदार आपले सगळे सूत क कडेच रंगवतो त्याला पूर्ण रकमेवर ८ टक्के सवलत मिळते. थोडे जरी दुसरीकडे दिले तर ती सगळी जाते. ख आणि एक सूतव्यापारी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले आहेत. त्यांची बाजू तपासायची आहे.

पहिली पायरी: तक्रार कोणत्या व्यवहाराची आहे

सोलापूर म्हटले की चादर डोळ्यांपुढे येते, आणि बरेच विद्यार्थी ‘सोलापुरी चादरीचा बाजार’ असे लिहून मोकळे होतात. चादरीला भौगोलिक मानांकन आहे हेही त्यात घालतात. दोन्हींचा इथे उपयोग नाही. क कंपनी चादर विकतच नाही. तिच्याबद्दलची तक्रार कारखानदार आणि डाय हाउस यांच्यातल्या व्यवहाराची आहे, आणि त्या व्यवहारात विकली जाते ती सूत रंगवून देण्याची सेवा. चादरीला मागणी किती यावर रंगणीची मागणी अवलंबून असते हे खरे, पण बाजार आखताना कारखानदाराच्या जागी उभे राहून पाहायचे: क ने दर वाढवला तर याला जायला दुसरी जागा कोणती?

म्हणून पहिले वाक्य असे लिहा: ‘वाद मजुरीवर सूत रंगवण्याच्या सेवेचा आहे, तिचे ग्राहक चादर व टॉवेल विणणारे कारखानदार आहेत.’ क सूतही विकते, तेव्हा दुसरा एक बाजार पुढे लागेल. तो आत्ता बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: उत्पादनाचा बाजार

कलम २(टी) सांगते की गुणधर्म, किंमत आणि वापर पाहता ग्राहकाला ज्या वस्तू किंवा सेवा एकमेकींच्या जागी चालतात, त्या एका बाजारात. २०२३ च्या दुरुस्तीने त्याला पुरवठ्याची बाजूही जोडली: पुरवठादाराला फारसा जादा खर्च किंवा जोखीम न घेता थोड्या काळात एकीकडून दुसरीकडे वळता येत असेल, तर तेही धरायचे. कलम १९(७) मध्ये पाहायच्या बाबींची यादी आहे. ती सगळी उतरवू नका. ज्या बाबीला प्रकरणात तथ्य आहे तेवढीच घ्या.

आधी ग्राहकाची बाजू. चादरीची नक्षी जॅकार्डवर रंगीत धाग्यांतूनच उठते, त्यामुळे सूत आधी रंगलेलेच लागते. टॉवेलवाल्याला निवड आहे: कोऱ्या सुतावर टॉवेल विणून नंतर कापडच रंगवता येते. म्हणजे एकाच सेवेचे दोन ग्राहकवर्ग आहेत आणि त्यांची अडचण सारखी नाही.

आता हे मोजू. नेहमीची कसोटी अशी: ही सगळी ४०० टन रंगणी एकाच मालकाच्या हातात आहे असे समजा. त्याने दर ५ टक्क्यांनी, म्हणजे ३ रुपयांनी, कायमचा वाढवला तर त्याला ते परवडेल का? परवडत असेल तर हा बाजार स्वतंत्र आहे. ग्राहक इतके निघून जात असतील की नुकसान होईल, तर ते जिथे जातात तो पर्याय बाजारात ओढून कसोटी पुन्हा लावायची. किती ग्राहक गेले तर दरवाढीचा फायदा शून्यावर येतो हे काढायचे सूत्र:

```
सीमा-घट = दरवाढ % ÷ (दरवाढ % + नफ्याचे प्रमाण %)
        = ५ ÷ (५ + ३०) = १४.३ %
```

इथले ३० टक्के म्हणजे ६० रुपये दरातून ४२ रुपये बदलता खर्च वजा केल्यावर उरणारे १८ रुपये, दराच्या प्रमाणात. स्थिर खर्च यात मिसळू नका. तो मिसळला की नफ्याचे प्रमाण कमी दिसते, सीमा-घट फुगते, आणि बाजार आहे त्याहून अरुंद वाटू लागतो.

समजा प्रश्नात दिले आहे की अशा वाढीनंतर ३६ टन काम निघून जाईल: टॉवेलवाल्यांचे २८ टन, चादरवाल्यांचे ८ टन. एकूण घट ९ टक्के, सीमेच्या आत. पडताळा घ्या: आधी ४,००,००० किलोवर १८ रुपये, म्हणजे ७२ लाख. नंतर ३,६४,००० किलोवर २१ रुपये, म्हणजे ७६ लाख ४४ हजार. वाढ परवडते. कापड-रंगणी बाजाराबाहेर राहिली.

पण ९ टक्के ही सरासरी आहे आणि ती बरेच झाकते. टॉवेलचे १२० पैकी २८ टन गेले, म्हणजे २३ टक्के. चादरीचे २८० पैकी ८, म्हणजे जेमतेम ३ टक्के. मग चादरीच्या सुताची रंगणी हाच वेगळा बाजार का धरू नये? त्यात क चा वाटा समजा १९६ टन, म्हणजे ७० टक्के. कलम १९(७) मध्ये ‘ग्राहकांचे वर्ग’ ही बाब २०२३ मध्ये घातलीच आहे, आणि कोणता लॉट चादरीचा हे डाय हाउसला ऑर्डरवरूनच कळते, त्यामुळे त्या वर्गाकडून वेगळा दर घेणे शक्य आहे. तर्क चांगला आहे आणि उत्तरात मांडलाच पाहिजे.

मात्र इथे पुरवठ्याची बाजू आडवी येते. टॉवेलचे सूत रंगवणारे यंत्र चादरीचे सूतही रंगवते, फक्त लॉट बदलायचा. चादरीचा दर चढला तर ख आणि ग टॉवेलचे काम कमी करून चादरीचे घेतील. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, महिने थांबावे लागत नाही. उलट कापड रंगवणाऱ्याची यंत्रे निराळी. त्याला सुताकडे वळायचे तर नवी गुंतवणूक हवी. म्हणून पुरवठ्याची बाजू चादर आणि टॉवेल या दोन्हींच्या सुताला एकत्र आणते, कापड-रंगणीला आणत नाही. आमच्या मते टिकणारी व्याख्या हीच: ‘चादर व टॉवेलसाठी मजुरीवर सूत रंगवण्याची सेवा’. चादरवाल्यांची जादा अगतिकता वाया जात नाही. ती प्रभुत्वाच्या पायरीवर ‘ग्राहकांचे अवलंबित्व’ म्हणून वापरायची.

स्वतःच्या डाय हाउसमधले १५० टन बाहेर ठेवा. कलम १९(७) घरच्या उत्पादनाला वगळण्याची बाब सांगते, आणि कारणही सरळ आहे: ती रंगणी दुसऱ्या कारखानदाराला मिळतच नाही. त्यातले कोणी बाहेरचे काम घेत असल्याचे प्रश्नात असेल तर तेवढेच टन आत घ्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते क च्या वाट्यावरून दिसते. आपल्या व्याख्येत २४० भागिले ४००, म्हणजे ६० टक्के. घरची रंगणी धरली तर ५५० पैकी २४०, सुमारे ४४. बाहेरचे रंगीत सूतही धरले तर ६०० पैकी २४०, म्हणजे ४०. क चा वकील नेमका ४० कडे ओढणार, आणि तक्रारदार ७० कडे. दोन्ही आकडे लिहून ६० का, हे सांगणारे उत्तर सरस.

चालू दराचा सापळा

वर्षभरात दर ५० वरून ६० झाला, खर्च मात्र दोनच रुपयांनी वाढला. म्हणजे ६० या दरात क ची ताकद आधीच मुरलेली असू शकते. मक्तेदार दर तिथपर्यंत नेतो जिथे आणखी वाढवले तर ग्राहक पळतील. त्या टोकाशी उभे राहून कसोटी लावली तर ग्राहक पळताना दिसणारच, आणि बाजार रुंद भासणार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ड्यु पाँटच्या सेलोफेनच्या खटल्यात हीच चूक केली अशी टीका होते, आणि चुकीला नावही त्या वस्तूचेच पडले.

विद्यार्थी हा मुद्दा पाठ करतात आणि जागा न पाहता लिहितात. ही चूक एकाच दिशेची आहे: ती बाजार खोटा रुंद करते, अरुंद करत नाही. आपल्या प्रकरणात चढ्या दरावर लावूनही कसोटी उत्तीर्ण झाली, म्हणून इथे तिचा धोका नाही, हे एका वाक्यात सांगा. ३६ च्या जागी ८० टन निघून जातील असे दिले असते तर गोष्ट वेगळी. घट २० टक्के, फायदा ६७ लाख २० हजारांवर उतरला असता. तेव्हा लगेच ‘बाजार रुंद आहे’ असे न लिहिता ५० रुपयांच्या जुन्या दरावर कसोटी पुन्हा लावण्याची गरज दाखवायची.

तिसरी पायरी: भौगोलिक बाजार

कलम २(एस) ची कसोटी अशी: ज्या भागात स्पर्धेची परिस्थिती एकसारखी आहे आणि शेजारच्या भागापेक्षा वेगळी ओळखता येते, तो भाग. जिल्ह्याची हद्द किंवा राज्याची सीमा आपोआप बाजाराची हद्द होत नाही. डीएलएफ प्रकरणात २०११ मध्ये आयोगाने महागड्या निवासी सदनिकांसाठी गुरगाव हाच बाजार धरला होता, सगळा दिल्ली परिसर नाही.

समजा प्रश्नात आहे: इचलकरंजीत रंगणी ५८ रुपये, सूत नेण्या-आणण्याचा खर्च ६ रुपये. बेरीज ६४. सोलापुरात ५ टक्के वाढीनंतर दर ६३. एक रुपयाने सोलापूरच स्वस्त. पण या एका रुपयावर सगळे टांगू नका, कारण वाढ १० टक्के धरली तर दर ६६ होतो आणि इचलकरंजी स्वस्त ठरते. निर्णय इथे वेळेवर आणि शेडवर होतो. चादरीच्या एका डिझाइनमध्ये चार-पाच रंगांचे सूत एकाच वेळी मागावर लागते. एक शेड बिघडली तर तो लॉट परत जातो आणि तोवर माग उभा राहतो. डाय हाउस गावात असेल तर नमुना त्याच दिवशी दाखवता येतो. कलम १९(६) मधल्या ‘नियमित पुरवठ्याची गरज’ आणि ‘वाहतूक खर्च’ या बाबी इथे जिवंत होतात. बाहेरचे ५० टन हा या युक्तिवादाला उलटा पुरावा आहे. तो लपवू नका. ते प्रमाण दरवाढीनंतर वाढले का हे पाहा. दर ५० चा ६० झाल्यावरही ते ५० टनांवरच राहिले असे दिले असेल, तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा: एवढी वाढ होऊनही कोणी बाहेर वळले नाही.

व्याख्या पूर्ण झाली: सोलापूर शहर व लगतच्या औद्योगिक वसाहतींतली, चादर व टॉवेलसाठी मजुरीवर सूत रंगवण्याची सेवा.

चौथी पायरी: प्रभुत्व

आपल्या कायद्यात ‘इतके टक्के म्हणजे प्रभुत्व’ अशी रेषा नाही. कलम ४ च्या स्पष्टीकरणात प्रश्न असा आहे: स्पर्धेच्या दबावापासून स्वतंत्र वागता येण्याइतकी, किंवा स्पर्धक, ग्राहक वा बाजार आपल्या बाजूने झुकवण्याइतकी ताकद आहे का? ६० टक्के ही सुरुवात. त्यापुढे तीन गोष्टी पुरेत. एक, दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचा वाटा २० टक्केच आहे. दोन, नव्याला शिरणे अवघड: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि पुरेसे पाणी, ही तिन्ही लागतात आणि सोलापुरात पाणी हीच मोठी अडचण. तीन, ग्राहक विखुरलेले छोटे कारखानदार, आणि त्यांतल्या चादरवाल्यांना पर्याय नाही. दर १० रुपयांनी वाढूनही वाटा टिकला असे दिले असेल, तर ते स्वतंत्र वागण्याचे थेट चिन्ह.

पाचवी पायरी: दुरुपयोग

दरवाढीला कलम ४(२)(ए) खाली एक परिच्छेद द्या, जास्त नको. अवाजवी दर सिद्ध करणे कठीण, आणि या प्रकरणाचा जीव तिथे नाही.

सवलत हा खरा मुद्दा. महिन्याला १०,००० किलो रंगवणारा कारखानदार घ्या. सगळे क ला दिले तर ८ टक्के सवलतीने दर ५५.२०, बिल ५,५२,०००. त्याला २,००० किलो ख कडे द्यायचे आहे. उरलेल्या ८,००० किलोला क पूर्ण ६० लावते, म्हणजे ४,८०,०००. ख साठी उरले ७२,०००, किलोला ३६ रुपये. म्हणजे कारखानदाराचे नुकसान होऊ नये म्हणून ख ला ३६ ने रंगवावे लागेल, आणि बदलता खर्च आहे ४२. क इतक्याच कार्यक्षम स्पर्धकालाही ते तोट्याचे. हेच कलम ४(२)(सी) खालचे बाजारप्रवेश नाकारणे.

इथे शॉट ग्लास प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा निर्णय लिहिलाच पाहिजे. त्यात न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या: कलम ४ खाली स्पर्धेवरचा परिणाम तपासावा लागतो, आणि प्रमाणानुसार, सर्वांना एकाच निकषाने मिळणारी सवलत दुरुपयोग ठरली नाही. क चा वकील त्यावर बोट ठेवेल. फरक दाखवा: इथली सवलत किती माल दिला यावर नाही, दुसऱ्याला काहीच दिले नाही यावर आहे. ५०० किलोवाला आणि ५०,००० किलोवाला दोघांनाही तीच अट. आणि परिणामासाठी ३६ विरुद्ध ४२ हे गणित आहे. ख ची यंत्रे रिकामी पडल्याचे तथ्य प्रश्नात असेल तर ते जोडा.

एक चूक वारंवार दिसते: ‘स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम’ हे शब्द आणि कलम १९(३) ची यादी इथे लावली जाते. ती भाषा कलम ३ ची. कलम ४ मध्ये परिणाम तपासायचा तो याच प्रकरणातल्या तथ्यांतून.

चार दिवस आणि पंधरा दिवसांचा भेद कलम ४(२)(ई) खाली न्या: एका बाजारातले प्रभुत्व वापरून दुसऱ्या बाजारात शिरणे. आता तो बाजूला ठेवलेला दुसरा बाजार आखावा लागतो: कोऱ्या सुती धाग्याची विक्री. सूत राज्याबाहेरूनही येते, त्यामुळे हा बाजार सोलापुरापेक्षा रुंद निघेल आणि त्यात क चा वाटा किरकोळ असेल. घाबरू नका. दुसऱ्या बाजारात प्रभुत्व असण्याची अट या पोटकलमात नाही. कलम ४(२)(डी) चे जोडबंधन पर्यायी म्हणून मांडा, पण ‘आमचे सूत घेतले तरच रंगवू’ अशी उघड अट करारात नाही, ही त्याची कमकुवत बाजू मान्य करून.

क म्हणेल, आपल्याच सुताची प्रत माहीत असल्याने ते लवकर आणि एकसारखे रंगते. हा बचाव ऐकण्यासारखा आहे, कारण सूत बदलले की शेड बदलते. पण बाहेरच्या सुताचा नमुना तपासायला एखादा दिवस लागेल, अकरा दिवस नाहीत. कमी जाचक उपाय हाताशी असताना जाचक उपाय का निवडला, याचे उत्तर क ला द्यावे लागेल.

शेवटी उपाय थोडक्यात. माहिती कलम १९(१)(ए) खाली, कारण घडल्यापासून तीन वर्षांत. प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास कलम २६(१) खाली महासंचालकांकडून चौकशी. ख तोवर बंद पडू नये म्हणून कलम ३३ खाली सवलतीच्या अटीला अंतरिम स्थगिती मागायची. सिद्ध झाल्यास कलम २७ खाली वर्तन थांबवण्याचा आदेश आणि मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड.